मीटिंगला नव्हतो, मग ठरलं काय?

“कालची वार्षिक सर्वसाधारण सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. लिफ्टचा विषय मंजूर झाला. उपस्थित राहिलेल्या सर्वांचे आभार.”

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत असे मेसेज महाराष्ट्रातल्या हजारो सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, सोसायटीला वार्षिक सभा घ्यावी लागते. त्यामुळे बहुतेक सभा त्याच सुमारास एखाद्या रविवारी सकाळी भरतात. कुणाची त्या दिवशी ड्यूटी असते, कुणी गावी गेलेलं असतं, कुणी फ्लॅट भाड्याने देऊन दुसऱ्या शहरात राहायला गेलेलं असतं. ही मंडळी संध्याकाळी ग्रुप उघडतात तेव्हा त्यांना वरच्या तीन वाक्यांतून काहीच हाती लागत नाही. विषय मंजूर झाला म्हणजे नेमकं काय मंजूर झालं? नवी लिफ्ट बसणार की जुनीच दुरुस्त होणार? माझ्या वाट्याला किती येणार, आणि कधीपर्यंत भरायचे?

गैरहजर सभासदाला हे कळणं हा सौजन्याचा भाग आहेच, पण त्याच्यामागे सहकार कायद्याचा एक पक्का व्यवहारही आहे. आपल्याकडच्या बहुतेक सोसायट्या ज्या आदर्श उपविधींवर चालतात, त्यांत कोरमची अट अशी आहे: एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा 20, यांतला जो आकडा कमी असेल तो. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर सभा तहकूब होते आणि नोटिशीत तशी सोय ठेवलेली असेल तर त्याच दिवशी थोड्या वेळाने पुन्हा भरते. या तहकूब सभेला कोरमची अट नसते. विषयपत्रिकेवरचे विषय तिथे जमलेल्यांच्या बहुमताने ठरतात आणि ते सगळ्यांना लागू होतात. शिवाय मला जमत नाही म्हणून मुखत्यारपत्र देऊन दुसऱ्याला मतदानाला पाठवण्याची मुभा नाही. सहसभासदाची गोष्ट वेगळी, पण तो नसेल तर गैरहजर माणसाचं मत त्या दिवसापुरतं बाद होतं. जे ठरतं ते त्याच्याशिवाय ठरतं, आणि त्याचे पैसे मात्र त्यालाही भरावे लागतात.

हे एका उदाहरणातून पाहू. समजा, तळमजला आणि वर सात मजले, प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट अशी 32 सभासदांची एक सोसायटी आहे. लिफ्ट जुनी झाली आहे, दर महिन्याला कुणी ना कुणी तरी तिच्यात अडकतं. 21 सप्टेंबरच्या सभेच्या विषयपत्रिकेवर लिफ्ट बदलण्याचा विषय आहे. सकाळी दहाच्या सभेला 20 जणांचा कोरम हवा, पण दहाला नऊ जण आले आणि साडेदहापर्यंत चौदाच झाले. सभा तहकूब होऊन नोटिशीप्रमाणे पावणेअकराला पुन्हा सुरू झाली, तेव्हा 17 जण होते. तीन कोटेशनं वाचली गेली. एक 15,20,000 रुपयांचं होतं, पण त्यात फक्त एका वर्षाची मोफत देखभाल होती. दुसरं 16,00,000 रुपयांचं होतं, कर धरून, तीन वर्षांच्या देखभालीसह. तिसरं बरंच महाग होतं. चर्चेअंती दुसरं निवडलं गेलं. दुरुस्ती निधीतून 6,40,000 रुपये घ्यायचे आणि उरलेले 9,60,000 सगळ्यांनी समान वाटून घ्यायचे असं ठरलं. म्हणजे प्रत्येकी 30,000, दहा-दहा हजारांच्या तीन हप्त्यांत. ठरावाच्या बाजूने 13, विरोधात 3 आणि तटस्थ 1 अशी मतं पडली. तेरा जणांच्या होकाराने बत्तीस जणांवर तीस-तीस हजारांचा भार आला. नियमाने हे योग्यच आहे. पण जे पंधरा जण आले नाहीत, त्यांना यातलं काय कळायला हवं, आणि केव्हा?

आधी ‘केव्हा’ हे पाहू, कारण सोसायट्यांची चूक बहुधा इथेच होते. आदर्श उपविधींप्रमाणे व्यवस्थापन समितीने सभेपासून तीन महिन्यांच्या आत इतिवृत्ताचा मसुदा नक्की करायचा असतो, समितीच्या त्या बैठकीपासून पंधरा दिवसांत तो सगळ्या सभासदांना पाठवायचा असतो आणि मग सभासदांना हरकती कळवायला आणखी पंधरा दिवस मिळतात. बऱ्याच सेक्रेटरींचा या तीन महिन्यांच्या मुदतीवर फार भरवसा असतो. आता आपल्या उदाहरणातले हप्ते बघा: 15 ऑक्टोबर, 15 नोव्हेंबर आणि 15 डिसेंबर. तीन महिने 21 डिसेंबरला पुरे होतात. समितीने अगदी कायद्याला धरून काम केलं तरी मसुदा हातात पडेपर्यंत तिन्ही हप्त्यांच्या तारखा उलटून गेलेल्या असतील. गैरहजर सभासद म्हणणार, मला कळलंच नाही. खजिनदार म्हणणार, तुमची थकबाकी आहे. दोघेही आपापल्या जागी खरं बोलत असतील.

म्हणून एका कागदाऐवजी दोन कागदांचा विचार करावा. पहिला म्हणजे निर्णयांचं टिपण. ते सभेच्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी ग्रुपवर यावं. दुसरा म्हणजे इतिवृत्ताचा मसुदा. तो दोन आठवड्यांत यावा. टिपणात फक्त काय ठरलं तेवढं असतं. मसुद्यात सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, ठरावाची पूर्ण भाषा आणि त्यामागची कारणं येतात. पहिला कागद लोकांना वेळेवर जागं करतो, दुसरा पुढे पुरावा म्हणून उभा राहतो.

आपल्या सोसायटीचं टिपण साधारण असं होईल:

“वार्षिक सर्वसाधारण सभा, रविवार 21 सप्टेंबर. निर्णयांचं टिपण. हे इतिवृत्त नाही. इतिवृत्ताचा मसुदा 5 ऑक्टोबरपर्यंत पाठवू.

सभा सकाळी 10 ची होती. कोरम न झाल्याने नोटिशीत दिल्याप्रमाणे 10.45 ला तहकूब सभा सुरू झाली. हजर सभासद 17.

विषय 4, लिफ्ट. जुनी लिफ्ट बदलायची. खर्च करासह 16,00,000 रुपये. दुरुस्ती निधीतून 6,40,000. उरलेले 9,60,000 सर्व 32 सभासदांकडून समान, प्रत्येकी 30,000. हप्ते 10,000 प्रमाणे: 15 ऑक्टोबर, 15 नोव्हेंबर, 15 डिसेंबर. बाजूने 13, विरोधात 3, तटस्थ 1. कामावर देखरेख: खजिनदार आणि दोन सभासद. लिफ्ट बंद राहण्याच्या तारखा पंधरा दिवस आधी कळवू.

विषय 5, पाहुण्यांच्या गाड्यांचं पार्किंग. निर्णय झाला नाही. विषय पुढच्या सभेत घेऊ. तोपर्यंत सध्याचाच नियम.”

एवढंच. वाचायला एक मिनिट लागतं. पण गैरहजर माणसाच्या मनातले चारही प्रश्न यातून सुटतात: काय ठरलं, मला किती पडणार, कधीपर्यंत, आणि काम कोणाकडे आहे. एखाद्या विषयाखाली या चारांपैकी एकाचंही उत्तर सापडत नसेल तर तो ठराव अर्धवट झाला असं धरून चालावं. कित्येकदा टिपण लिहायला बसल्यावरच सेक्रेटरीच्या लक्षात येतं की सभेने रक्कम ठरवली, पण हप्त्यांच्या तारखा ठरवल्याच नाहीत. म्हणून टिपण सभा संपण्याआधीच लिहून तिथेच मोठ्याने वाचून दाखवणं सगळ्यांत सोयीचं. अध्यक्षांनी शेवटची पाच मिनिटं यासाठीच राखून ठेवावीत. हजर असलेल्या सतरा जणांनी ते ऐकलं की संध्याकाळी ग्रुपवर “असं ठरलंच नव्हतं” म्हणणाऱ्याचं तिथेच निरसन होतं.

या टिपणातल्या दोन ओळींकडे मुद्दाम लक्ष द्यावं. पहिली कोरमची. न आलेला सभासद सगळ्यांत आधी म्हणतो की कोरमच नव्हता, मग ठराव कसला? दहाला कोरम नव्हता हे खरंच आहे. पण 10.45 ला तहकूब सभा झाली आणि नोटिशीत तशी तरतूद होती हे पहिल्याच दिवशी लिहून आलं की त्या वादाला पुढे जागा उरत नाही. दुसरी ओळ पार्किंगची. जे ठरलं नाही तेही लिहायचं असतं. सभेत पार्किंगवर वीस मिनिटं गरमागरम चर्चा झालेली असते. घरी जाताना प्रत्येक जण आपापल्या मताचा निष्कर्ष मनात घेऊन जातो आणि मंगळवारी वॉचमनला नव्या नियमाप्रमाणे गाड्या लावायला सांगतो. ‘निर्णय झाला नाही, सध्याचाच नियम’ एवढे शब्द त्याला आळा घालतात.

आता पूर्ण मसुद्याकडे वळू. त्यात सभागृहातलं प्रत्येक वाक्य उतरवायचं नसतं. कोण कोणाला काय बोललं, कोणी कोणावर आरोप केला, हे इतिवृत्तात आलं की पुढची सभा त्याच्यावरच खर्ची पडते. पण निर्णयामागचं कारण मात्र यायलाच हवं, कारण गैरहजर माणसाने ती चर्चा ऐकलेली नसते. आपल्या उदाहरणात त्याला कुठून तरी कळतं की 15,20,000 चं कोटेशन उपलब्ध असताना 16,00,000 चं घेतलं. कारण लिहिलेलं नसेल तर हे ऐंशी हजार गेले कुठे, अशी शंका त्याला येणारच. ‘तीन वर्षांची देखभाल समाविष्ट असल्याने’ हे पाच शब्द मसुद्यात असले तर शंकेला उत्तर मिळतं. त्याला ते पटेल किंवा पटणार नाही, पण संशय राहणार नाही.

तसंच विरोधी मताचं. तिघांचं म्हणणं होतं की दोर आणि कंट्रोल पॅनेल बदललं तर आणखी काही वर्षं निभावेल. हे एका वाक्यात नोंदवावं. विरोध करणाऱ्याने आपलं नाव नोंदवावं अशी मागणी केली असेल तर नावही घालावं. मग तळमजल्यावरचे सभासद हमखास विचारतात की आम्ही लिफ्ट वापरत नाही, तर पैसे का द्यायचे? आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टच्या देखभालीचा, दुरुस्तीचा आणि चालवण्याचा खर्च, कोण ती वापरतं आणि कोण नाही हे न पाहता, सगळ्या सभासदांमध्ये समान वाटायचा असतो. सभेने या कामालाही तोच न्याय लावला आहे, हे ठरावातच लिहिलं तर त्यांना वेगळं पत्र लिहून उत्तर देण्याची वेळ येत नाही.

मसुदा ग्रुपवर टाकताना तो पीडीएफ करून टाकावा. हस्तलिखित वहीच्या पानांचे फोटो टाकण्याची पद्धत फार पसरली आहे, पण व्हॉट्सअॅपवर फोटो दाबले जातात आणि बारीक अक्षर, विशेषतः आकडे, वाचता येत नाहीत. 6,40,000 चे 8,40,000 वाचले गेले की त्यावरून नवा वाद उभा राहतो. शिवाय ग्रुपवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू आहे का, हे आधी तपासावं. ती 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांवर लावता येते. एखाद्या अॅडमिनने कधीतरी सात दिवसांवर लावून ठेवलेली असते आणि गावाहून दहा दिवसांनी परतलेल्या सभासदाला मेसेज सापडतच नाही. अशा ग्रुपवर ती सोय बंद ठेवावी. मेसेज पिन करावा. तो 30 दिवसांपर्यंत वर राहू शकतो, म्हणजे सुप्रभातांच्या फुलांखाली गाडला जात नाही. आणि फाइलला नीट नाव द्यावं: ‘इतिवृत्त मसुदा, वार्षिक सभा, 21 सप्टेंबर’. पुढच्या वर्षी शोधताना ‘डॉक्युमेंट 17’ या नावाने काहीच सापडत नाही.

सगळ्यांत नाजूक प्रश्न म्हणजे ग्रुपमध्ये आहे कोण. सोसायटीच्या ग्रुपमध्ये सभासद असतात, त्यांचे जोडीदार असतात, भाडेकरू असतात, काही वेळा फ्लॅट विकून गेलेले जुने शेजारीही तसेच राहिलेले असतात. इतिवृत्त मात्र सभासदांसाठी असतं. त्यात थकबाकीदारांची नावं आणि रकमा, कुणाच्या गळतीचा वाद, वारसनोंदीचा अर्ज असं बरंच काही असू शकतं. ते भाडेकरूंसमोर किंवा त्रयस्थांसमोर जाणं योग्य नाही, आणि थकबाकीदाराची ग्रुपवर जाहीर मानहानी झाली तर प्रकरण पोलिसांपर्यंत आणि कोर्टापर्यंतही जाऊ शकतं. यावर साधा उपाय म्हणजे दोन ग्रुप. एक फक्त सभासदांचा, ज्यात फक्त अॅडमिनना लिहिता येतं. टिपण आणि मसुदा तिथे जावा. दुसरा सगळ्या रहिवाशांचा. तिथे लिफ्ट कधी बंद राहणार, पाणी कधी येणार नाही, एवढंच जावं. भाडेकरूला 30,000 च्या हप्त्याशी देणंघेणं नसतं, पण सातव्या मजल्यावर राहणाऱ्या भाडेकरूच्या घरात म्हातारे आईवडील असतील तर लिफ्ट कधी बंद राहणार हे त्याला मालकाच्याही आधी कळायला हवं. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी नोटीस बोर्ड आहेच. तिथे टिपणाची छापील प्रत लावावी, आणि ज्येष्ठांच्या घरी एक प्रत हातात द्यावी.

मसुदा गेला की प्रतिक्रिया सुरू होतात, आणि बहुतेक ठिकाणी गाडी इथेच रुळावरून घसरते. हरकत दोन प्रकारची असते. ‘तीन हप्ते ठरले नव्हते, चार ठरले होते’ ही नोंदीवरची हरकत झाली. ‘लिफ्ट बदलायलाच नको होती’ ही निर्णयावरची. मसुद्यावर मागवलेल्या हरकती फक्त पहिल्या प्रकारच्या असतात, म्हणजे जे घडलं ते बरोबर लिहिलंय की नाही एवढ्यापुरत्या. सभेला नसलेला सभासद नोंदीबद्दल फारसं सांगू शकत नाही, त्यामुळे त्याची हरकत बहुधा दुसऱ्या प्रकारची असते, आणि सेक्रेटरीने ती मसुद्यात घ्यायचं कारण नसतं. हे आधीच स्पष्ट सांगावं. मसुद्याबरोबरच्या मेसेजमध्ये शेवटची तारीख घालावी आणि हरकत सेक्रेटरीकडे लेखी किंवा ईमेलने, ठराव क्रमांकासह पाठवावी, ग्रुपवर नको, असं लिहावं. ग्रुपवर आलेल्या पन्नास उत्तरांमधून कोणती हरकत आहे आणि कोणती कुरबुर, हे समितीला ठरवता येत नाही.

पण निर्णय मनापासून अमान्य असलेल्या सभासदाने करायचं काय? त्यालाही रस्ता आहे. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर समितीला विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. आपल्या 32 जणांच्या सोसायटीत त्यासाठी सात सह्या लागतील. मात्र आदर्श उपविधींप्रमाणे एकदा झालेला ठराव सहा महिने उलटल्याशिवाय रद्द करण्यासाठी आणता येत नाही. म्हणजे लिफ्टचा ठराव 21 मार्चपर्यंत अबाधित, आणि तोवर काम पुरं झालेलं असेल. ठरावाच्या अंमलबजावणीतल्या गोष्टी मात्र, उदाहरणार्थ हप्त्यासाठी अडचणीत असलेल्यांना मुदत, समितीकडे आत्ताच मागता येतात. ही वाट सभासदाला वेळेवर कळली तर तो चिडून हप्ता अडवून बसण्याऐवजी अर्ज करतो.

अखेरीस लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे ग्रुपवरचा मेसेज आणि इतिवृत्त पुस्तिका यांचं नातं. कोर्टात किंवा उपनिबंधकांपुढे उभी राहते ती पुस्तिका. हरकती विचारात घेऊन समितीने नक्की केलेलं इतिवृत्त त्या पुस्तिकेत लिहिलं जातं आणि पुढच्या सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ या पहिल्याच विषयाखाली कायम होतं. टिपणात एक रक्कम आणि पुस्तिकेत दुसरी, असं झालं की लोकांचा दोन्हींवरचा विश्वास उडतो. म्हणून मसुद्यात काही दुरुस्ती झाली तर नुसती नवी फाइल टाकून मोकळं होऊ नये. ‘ठराव 4 मध्ये हप्त्याची तारीख 15 ऐवजी 20 ऑक्टोबर अशी दुरुस्त केली आहे’ असं सांगून टाकावी आणि जुनी फाइल रद्द समजा असं लिहावं.

आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये हाच कागद पुन्हा उघडावा. सभेच्या आठवडाभर आधी गेल्या वर्षीच्या टिपणातली प्रत्येक ओळ घेऊन तिच्यापुढे ‘झालं’, ‘चालू आहे’ किंवा ‘राहिलं, कारण’ एवढंच लिहून सभासदांच्या ग्रुपवर टाकावं. नवी लिफ्ट बसली, 32 पैकी 29 जणांचे हप्ते पूर्ण झाले, पार्किंगचा विषय यंदा पुन्हा घेतोय. गेल्या वर्षी न आलेल्या पंधरा जणांना आता माहीत असेल की आपल्या तीस हजारांचं काय झालं, आणि त्यांच्यातले काही या वेळी पार्किंगसाठी दहाच्या आधीच खुर्चीवर येऊन बसतील.